कॉफीचा मग नको, हिशोब दाखवा

महिन्यातून एकदा तरी माझ्या फोनवर असा निरोप येतो. कुणा ओळखीच्या, अर्धओळखीच्या लेखकाचं पहिलं पुस्तक येणार असतं. प्रकाशक मिळालेला नसतो, किंवा मिळालेला नको असतो. खाली मुखपृष्ठाचं चित्र, क्यूआर कोड आणि एक आकडा : आम्हाला ५०,००० रुपये उभे करायचे आहेत. त्याखाली ठरलेलं वाक्य, मराठी पुस्तक जगवण्यासाठी आपला हातभार हवा. ५०० रुपये दिले तर पुस्तक आणि बुकमार्क, १,००० दिले तर कॉफीचा मग, २,००० दिले तर पुस्तकात तुमचं नाव.

मी आता अशा निरोपाला एकच प्रश्न विचारतो. हे ५०,००० कशाचे? उत्तर बहुतेक वेळा येत नाही. आलं तर ते ‘छपाईचे’ एवढंच असतं. माझा वाद या एका शब्दाशी आहे. पुस्तकाचा खर्च म्हणजे छपाईचं बिल, असं सांगून लोकांकडून पैसे मागणं हे खोटं बोलणं आहे. हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत नाही. मी स्वतः तसा खोटा बोललो आहे.

११६ टक्के यश

माझा पहिला कथासंग्रह मी २०२२ साली अशाच मोहिमेतून छापला. छापखान्यानं ५०० प्रतींचे ३६,००० रुपये सांगितले होते. मी त्यात थोडी भर घातली आणि ४५,००० चं लक्ष्य जाहीर केलं. ३०० रुपयांना पुस्तक, ७०० रुपयांना पुस्तक आणि मग. महिनाभरात १४१ जणांनी ५२,३०० रुपये भरले. लक्ष्याच्या ११६ टक्के. मी तसा फोटोही टाकला, वर मोठ्या अक्षरांत ११६%.

आता तो पैसा कुठे गेला ते बघा. छपाई ३६,०००. पंचवीस मग, प्रत्येकी १८० रुपयांनी, ४,५००. मग कुरिअरनंच पाठवावे लागतात, त्याचे ३,५००. त्यातले चार फुटून पोचले. ते पुन्हा करून पुन्हा पाठवले, १,२८०. उरलेल्या ११६ जणांचं टपाल ४,६४०. पाकिटं, चिकटपट्टी, पत्त्यांची लेबलं १,५००. एकूण ५१,४२०. हातात राहिले ८८० रुपये.

८८० रुपये. मुखपृष्ठ करणाऱ्या मैत्रिणीला मी ‘मोहीम संपली की बघू’ असं म्हटलं होतं. तिनं तीन आठवडे घालवून चित्र काढलं होतं. मांडणी एका मित्रानं रात्री जागून केली. मुद्रितशोधन कुणीच केलं नाही, कारण त्याला पैसे पडतात हेच माझ्या हिशोबात नव्हतं. पुस्तक पोचल्यावर दोन आठवड्यांनी एका वाचकानं मला ४३ चुकांची यादी पाठवली, पान आणि ओळ क्रमांकासह. त्यानं ३०० रुपये दिले होते. त्याला मी कच्चा माल विकला होता.

मैत्रिणीला मी पुढे माझ्या पगारातून पैसे दिले, सहा महिन्यांनी आणि हप्त्यांत. तोवर ती माझ्याशी नीट बोलत नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. लोकांच्या डोळ्यांसमोर माझी मोहीम ११६ टक्के यशस्वी झाली होती. खरं पाहता ती दोन माणसांच्या फुकट मेहनतीवर आणि एका न केलेल्या कामावर उभी होती. ‘छपाईचे पैसे’ असं म्हटलं की बाकीचे सगळे आपोआप अदृश्य होतात. चित्रकार, मांडणी करणारा, मुद्रितशोधक आणि संपादक यांच्यापैकी कुणाचंही नाव लक्ष्याच्या आकड्यात नसतं.

खरा आकडा कसा निघतो

यंदा दुसरं पुस्तक करायचं ठरवलं तेव्हा मी कागदपेन्सिल घेऊन बसलो. ते इथे सगळं मांडतो, कारण याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. हे दर मला मिळालेल्या अंदाजपत्रकांतले आहेत. तुमच्या गावात, तुमच्या छापखान्यात ते वेगळे येतील. पण रकाने बदलणार नाहीत.

पुस्तक डेमी आकाराचं, १९२ पानांचं, प्रती ५००. छापखान्याची भाषा ‘फॉर्म’मध्ये चालते आणि एक फॉर्म १६ पानांचा. म्हणजे १२ फॉर्म. हा आकडा आधी समजून घ्या, कारण पुस्तक १९४ पानांचं झालं की दोन पानांसाठी पुढच्या फॉर्मचा खर्च सुरू होतो.

कागद २३ बाय ३६ इंची तावांत येतो. एका तावातून दोन्ही बाजू मिळून डेमीची ३२ पानं निघतात. एका प्रतीला सहा ताव, ५०० प्रतींना ३,०००. ७० जीएसएमचा असा एक ताव साधारण ३७ ग्रॅमचा असतो. नासधूस धरून सव्वाशे किलो कागद लागतो. किलोला १०० रुपये धरले तर १२,५०० रुपये. प्लेट आणि छपाई, फॉर्ममागे १,००० प्रमाणे १२,०००. चाररंगी मुखपृष्ठ, जाड आर्ट कार्डावर, मॅट लॅमिनेशनसह ७,०००. बांधणी प्रतीला १२ रुपये, म्हणजे ६,०००. छपाईची बेरीज ३७,५००. प्रतीला ७५ रुपये.

बहुतेक मोहिमा इथेच थांबतात. खरा हिशोब इथून पुढे सुरू होतो.

संपादन १५,०००. मुद्रितशोधन दोन वाचनांचं, पानाला एका वाचनाचे २० रुपये, म्हणजे ७,६८०. अक्षरजुळणी आणि मांडणी पानाला ४० रुपये, पुन्हा ७,६८०. मुखपृष्ठ ८,०००. ही बेरीज ३८,३६०. म्हणजे पुस्तक तयार करण्याचा खर्च छपाईच्या खर्चापेक्षा जास्त आहे. मी पहिल्या वेळी हा अख्खा अर्धा भाग गिळून टाकला होता.

मग लेखक. पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे. दहा टक्के मानधन धरलं तर ५०० प्रतींचे १५,०००. इथे अनेक लेखकमित्र लाजतात. ‘मला काही नको, पुस्तक आलं म्हणजे झालं’ असं म्हणतात. नको असेल तर घेऊ नका, पण रकाना ठेवा आणि त्यात शून्य लिहा. लोकांना कळू दे की ते शून्य आहे. नाहीतर पुढच्या लेखकानं मानधन मागितलं की तो लोभी ठरतो.

टपाल आणि पाकिटं १३,१५० (हा आकडा कसा आला ते पुढे सांगतो). फाटलेल्या, हरवलेल्या, उलट्या बांधलेल्या प्रतींसाठी ५,०००. आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारकडून फुकट मिळतो. त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

सगळं मिळून १,०९,०१० रुपये. छपाईचं बिल ३७,५०० आणि पुस्तकाचा खर्च १,०९,०१०. या दोन आकड्यांमधली दरी ज्या मोहिमेत लपवलेली असते, ती दरी कुणाच्या तरी पाठीवर टाकलेली असते.

१,००० प्रतींचा मोह

छापखानेवाला इथे एक वाक्य हमखास बोलतो. ‘पाचशेच्या ऐवजी हजार काढा ना, प्रत स्वस्त पडेल.’ त्याचं गणित खरं असतं. प्लेटचा खर्च एकदाच येतो, त्यामुळे १,००० प्रतींना ६२,६०० लागतात आणि प्रत ७५ वरून साडेबासष्टवर येते. जादा ५०० प्रती जेमतेम ५० रुपयांना एक अशा पडतात.

पण या प्रती कुठे ठेवणार? एक प्रत सव्वादोनशे ग्रॅमची. ५०० प्रती म्हणजे एकशे बारा किलोच्या आसपास वजन, कॉटखाली, दमट भिंतीला टेकून. पहिल्या पावसाळ्यात खालच्या गठ्ठ्यांची पानं लाटांसारखी होतात, दुसऱ्यात वाळवी येते. न विकलेली प्रत ५० रुपयांना पडली काय आणि ७५ ला पडली काय, ती पूर्ण तोट्याचीच. स्वस्त प्रतीचा हा मोह लोकांच्या पैशांवर करू नये. आगाऊ नोंदणीतून जेवढ्या प्रती जाणार, त्याच्या दीडपट छापा. त्याहून जास्त नको.

टप्पे : फक्त पुस्तक आणि पुस्तकच

आता बक्षिसांचे टप्पे. माझा नियम साधा आहे. जे पुस्तकाच्या गठ्ठ्यातून निघतं आणि पुस्तकाच्या पाकिटात मावतं, तेवढंच द्यायचं.

मगबद्दलचा माझा राग नुसता चार फुटक्या कपांचा नाही. मग घेणाऱ्यानं ७०० दिले. त्यातले १८० कपाचे आणि १४० कुरिअरचे. ४०० जास्त मिळाले असं वाटलं, पण त्यातले ३२० लगेच गेले. पुस्तकाला मिळाले ८०. आणि त्या ८० रुपयांसाठी मी पंचवीस कप थर्माकोलमध्ये गुंडाळत दोन रविवार बसलो. शिवाय पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, कपावर नाही. लेखक नकळत भांड्यांचा व्यापारी होतो.

माझे टप्पे असे आहेत :

१५० रुपये : ई-आवृत्ती. टपाल नाही. परदेशातल्या वाचकांना मी हाच टप्पा सुचवतो, किंवा भारतातल्या घरचा पत्ता मागतो. एक प्रत परदेशी पाठवण्याचं टपाल पुस्तकाच्या किमतीहून जास्त होतं.

३५० रुपये : एक प्रत, टपालासह.

६५० रुपये : दोन प्रती. एक तुम्हाला, दुसरी तुम्ही सांगाल त्या गावच्या किंवा कॉलेजच्या ग्रंथालयाला, थेट.

१,५०० रुपये : पाच प्रती एका पत्त्यावर, आणि तुमच्या वाचनगटाशी माझ्या दीड तासाच्या ऑनलाइन गप्पा.

पैसे भरणाऱ्या सगळ्यांची नावं पुस्तकाच्या शेवटी. १५० वाल्यांचीही. नावासाठी २,००० रुपये मागणं मला अश्लील वाटतं.

माझा अंदाज असा की ई-आवृत्ती ४० जण घेतील, एक प्रत २०० जण, दोन प्रती ३५ जण आणि पाच प्रती दहा गट. जमा होतील १,१३,७५०. प्रती जातील ३२० आणि पाकिटं २८०. त्यातली २७० पाकिटं एका प्रतीची, प्रत्येकी ४५ रुपये. दहा मोठी, प्रत्येकी १००. हे झाले १३,१५०.

एका पाकिटाला ४५ का? टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर कर. साधारण २४ धरा. पाकीट आणि लेबल १२. उरलेले नऊ रुपये पत्ता चुकून परत येणाऱ्या आणि पुन्हा पाठवाव्या लागणाऱ्या प्रतींसाठी. इथे एक बारीक गोष्ट आहे. माझी प्रत पाकिटासह २६० ग्रॅमच्या आसपास जाते. ‘जाड कागद घ्या, पुस्तक भरीव दिसेल’ असं ऐकून मी ९० जीएसएम घेतला असता, तर तीच प्रत ३०० ग्रॅम ओलांडून वरच्या दरात गेली असती. कागदही महाग आणि टपालही. म्हणून टप्प्यांच्या किमती ठरवण्याआधी त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि किराणा दुकानातल्या काट्यावर पाकिटासकट तोला.

तारखा

आता वेळापत्रक. मोहिमेत सर्वात जास्त खोटं इथे बोललं जातं, आणि बहुतेक वेळा ते अजाणता असतं. ‘दोन महिन्यांत पुस्तक तुमच्या हातात.’ मी स्वतः अशा एका मोहिमेत पैसे भरून चौदा महिने थांबलो आहे. कारण विचारलं तेव्हा कळलं की पैसे मागितले तेव्हा शेवटची दोन प्रकरणं लिहूनच झाली नव्हती.

म्हणून पहिली अट. संपादन पूर्ण, मांडणीचं पहिलं प्रूफ हातात, पानसंख्या नक्की, तीन छापखान्यांची लेखी अंदाजपत्रकं जवळ. हे सगळं झाल्यावरच पैसे मागायचे. यात एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. संपादकाचे १५,००० मोहिमेच्या आधी द्यावे लागतात, ते लेखकाच्या खिशातून जातात आणि नंतर परत येतात किंवा येत नाहीत. ज्याला तेवढे जमत नाहीत त्यानं संपादकाशी आधी बोलून हप्ते ठरवावेत. पण न संपलेलं हस्तलिखित विकू नये.

दुसरी अट ऋतूची. श्रावणापासून दिवाळीपर्यंत मराठी छापखाने दिवाळी अंकांत बुडालेले असतात, त्यानंतर कॅलेंडरं आणि डायऱ्या. त्या काळात ५०० प्रतींचं तुमचं काम कोपऱ्यात पडतं. पावसाळ्यात कागद ओल धरतो, शाई सावकाश वाळते. माझी मोहीम म्हणून ५ जानेवारी ते ३ फेब्रुवारी.

३ फेब्रुवारीनंतर एक आठवडा फक्त नावांचा. नावांची यादी सगळ्यांना पाठवायची आणि प्रत्येकाकडून शुद्धलेखन तपासून घ्यायचं. ज्यानं पुस्तक येण्याआधी विश्वास ठेवला त्याचंच आडनाव चुकीचं छापणं यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. २८५ नावं, दोन रकान्यांत, पानाला ८०. चार पानं लागतात. ही चार पानं १९२ च्या आत आधीच राखून ठेवायची, नाहीतर नावांसाठी तेरावा फॉर्म उघडतो.

२४ फेब्रुवारीला अंतिम फाइल छापखान्यात. तीन आठवडे छपाई आणि बांधणी. १७ मार्चला प्रती घरी. त्यानंतरचं काम कुणी सांगत नाही : प्रत्येक प्रत उघडून बघायची. बांधणीत फॉर्म जुळवताना एखादा फॉर्म दोनदा बसतो, एखादा राहतो, एखादा उलटा लागतो. हे ओळखायला सगळी पानं उलटावी लागत नाहीत. पान १, १७, ३३, ४९ असं सोळासोळाच्या उडीनं पाहिलं की बारा नजरांत कळतं. दोघांनी बसून ५०० प्रती दोन संध्याकाळी होतात. ३१ मार्चपर्यंत शेवटचं पाकीट टपालात.

आणि वाचकाला सांगायची तारीख? ३० एप्रिल. लवकर पोचलं तर कुणी तक्रार करत नाही.

कमी पडले तर?

किकस्टार्टरसारख्या ठिकाणी एक चांगला नियम असतो. लक्ष्य गाठलं नाही तर पैसे कुणाच्या खात्यातून जातच नाहीत. भारतात राहून लेखकाला तिथे मोहीम उभी करता येत नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक लेखक सरळ यूपीआयवर पैसे घेतात. यूपीआयवर पैसे त्या क्षणी लेखकाच्या खात्यात येतात. लक्ष्याचा आकडा हा मग नुसता शोभेचा उरतो. ५०,००० मागितले, १८,००० आले, पुढे काय झालं ते कुणीच सांगत नाही.

म्हणून पैसे मागण्याआधीच लिहून द्यायचं. माझं असं आहे. मोहिमेसाठी वेगळं बचत खातं, त्यातून फक्त पुस्तकाचा खर्च. ३ फेब्रुवारीला पूर्ण लक्ष्य गाठलं नाही, पण निदान १३० प्रतींची नोंदणी झाली, तर ऑफसेट सोडून डिजिटल छपाई. १५० प्रती, प्रत १४० रुपये, म्हणजे २१,०००. तयारीचे ३८,३६० आणि टपालाचे ५,८५० धरून खर्च ६५,२१०. जमा होतील १३० गुणिले ३५०, म्हणजे ४५,५००. वीस हजारांची तूट माझी, मानधन शून्य, आणि हे मी आधीच सांगितलेलं. १३० च्या खाली राहिलो तर सात दिवसांत प्रत्येकाचे पैसे परत. खातं वेगळं असल्यामुळे ते परत करायला शिल्लक असतात, एवढंच त्या वेगळ्या खात्याचं काम.

आणि जास्त पडले तर काय, हेही लिहायचं. अंदाज खरा ठरला तर मला ४,७४० रुपये उरतील आणि १८० प्रती. त्यातल्या चार कायद्यानं राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पाठवायच्या, वीसेक परीक्षणांना. राहिल्या दीडशेच्या वर. त्या पुढे विकून जे मिळेल ते माझं आणि संपादकाचं. ‘हे ना नफा काम आहे’ असं मी म्हणणार नाही. तो नफा आहे, छोटा आहे, आणि दिसतो आहे.

‘साहित्याचं दुकान करू नका’

मी हे आकडे पहिल्यांदा एका लेखकांच्या गटात मांडले तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, ‘अरे, वाचक प्रेमानं पैसे देतो. त्याला तू किराण्याची यादी दाखवतोस?’

मला वाटतं नेमकं उलट आहे. प्रेमानं देणाऱ्याला यादी दाखवायची असते, कारण तो मागत नाही. दुकानात गिऱ्हाईक पावती मागून घेतं. इथे ते लाजेनं विचारत नाही, आणि आपण त्या लाजेचा फायदा घेतो. ‘मराठी जगवा’ हे वाक्य हिशोब न विचारण्याची विनंती म्हणून वापरलं जातं. एकदा पैसे भरून चौदा महिने थांबलेला माणूस पुढच्या लेखकाला पैसे देत नाही, मग तो कितीही प्रामाणिक असो. माझ्या पहिल्या मोहिमेतल्या १४१ जणांपैकी कितीजण दुसरीत येतील, याची मला खरोखर भीती आहे, आणि ती रास्त आहे.

शिवाय हे दुकानदारीचं खूळ नवीन नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी नागपुरात मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, आणि खंड छापून व्हायच्या आधी वर्गणीदार नोंदवले. कंपनीला भागधारकांपुढे हिशोब मांडावा लागतो. ज्ञानकोश त्यामुळे कमी साहित्यिक झाला असं मला कुणी म्हटलेलं आठवत नाही. आपल्या प्रकाशकांची ‘प्रकाशनपूर्व सवलत’ ही सुद्धा हीच गोष्ट. वाचक आधी पैसे देतो, पुस्तक नंतर येतं. फरक इतकाच की प्रकाशकाकडे जुनं नाव असतं, ते बुडवलं तर त्याचं दुकान बसतं. पहिल्या पुस्तकाच्या लेखकाकडे असं नाव नसतं. त्यामुळे त्यानं गहाण काय ठेवायचं? माझ्या मते त्याच्याकडे एकच गोष्ट आहे : उघडा हिशोब.

तर तुमच्या फोनवर असा निरोप आला तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. पुस्तक लिहून आणि संपादून झालंय का? मुखपृष्ठवाल्याला आणि मुद्रितशोधकाला किती देणार? टपाल या आकड्यात आहे का? कमी पडले तर माझे पैसे कोणत्या तारखेला परत? चारही उत्तरं मिळाली तर ३५० रुपये भरा आणि दोन प्रती परवडत असतील तर ६५० भरा. उत्तराऐवजी मगचा फोटो आला तर तुमच्याकडे कप पुष्कळ आहेत असं कळवा.

माझी यादी ५ जानेवारीला मोहिमेसोबतच जाईल, वरच्या सगळ्या आकड्यांसह. ३० एप्रिलनंतर तिच्या शेजारी दुसरा रकाना येईल : प्रत्यक्ष झालेला खर्च. मुखपृष्ठ या वेळीही त्याच मैत्रिणीचं आहे. तिचे ८,००० रुपये मी मागच्या महिन्यात आगाऊ दिले. पैसे पोचल्यावर तिनं एकच ओळ लिहिली, ‘या वेळी रकाना केलास वाटतं.’